सिलिकॉनच्या किती नळ्या आणाव्यात: बाथरूम आणि खिडकीच्या सांध्यांचा हिशोब

हार्डवेअरच्या दुकानात सिलिकॉन मागितले की काउंटरमागचा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो: "किती फूट काम आहे?" आपण आकडा सांगतो, तो मनाशी काहीतरी अंदाज बांधतो आणि चार-पाच नळ्या समोर ठेवतो. हा अंदाज कधी निम्म्याने कमी पडतो, तर कधी दोन नळ्या माळ्यावर पडून वाळून जातात. यात दुकानदाराची चूक फारशी नसते, कारण सिलिकॉनची गरज लांबी, रुंदी आणि खोली या तिन्ही मापांवर ठरते आणि आपण त्याला त्यांतले एकच सांगितलेले असते. त्यातही घोटाळा बहुतेक वेळा तिसऱ्या मापात असतो. लांबी आणि रुंदी मोजायची असते, खोली मात्र बऱ्याच अंशी आपण ठरवायची असते, हे नवख्या माणसाला कोणी सांगत नाही.

हिशोबाचे मूळ सूत्र अगदी सोपे आहे. एक मिलिमीटर रुंद, एक मिलिमीटर खोल आणि एक मीटर लांब सांधा भरायला बरोबर एक मिलिलिटर सिलिकॉन लागते. त्यामुळे रुंदी व खोली मिलिमीटरमध्ये आणि लांबी मीटरमध्ये ठेवली, तर तिघांचा गुणाकार थेट मिलिलिटरमध्ये येतो आणि मध्ये कुठेही शून्ये मोजत बसावे लागत नाही.

रुंदी (मिमी) × खोली (मिमी) × लांबी (मीटर) = सिलिकॉन (मिलि)

कोपऱ्यातल्या सांध्याला, म्हणजे भिंत आणि फरशी किंवा भिंत आणि ओटा जिथे काटकोनात मिळतात तिथे, सिलिकॉनची पट्टी चौकोनी नसून त्रिकोणी बसते. म्हणून तिथे आलेला गुणाकार निम्मा करायचा. तुमचा सुतार किंवा ॲल्युमिनियमवाला मापे फूट आणि सुतात सांगत असेल, तर इंचाचे आठ सूत होतात आणि एक सूत म्हणजे साधारण ३ मिमी, एवढे लक्षात ठेवावे. "दोन सूत फट आहे" म्हणजे ६ मिमीच्या थोडे वर. फुटांना ३.२८ ने भागले की मीटर मिळतात.

नळीवरचा आकडा आधी वाचा

बाजारात मिळणाऱ्या सगळ्या नळ्या सारख्या नसतात. २८० मिलिची नळी सर्रास मिळते, पण २६०, ३०० आणि ३१० मिलिच्या नळ्याही शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात, आणि मोठ्या कामांसाठी ६०० मिलिचे मऊ वेष्टनातले 'सॉसेज' मिळते, ज्याला वेगळी बंद नळकांड्याची गन लागते. काही पुड्यांवर आकडा ग्रॅममध्ये छापलेला असतो आणि नवखा माणूस नेमका इथे फसतो. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या साध्या सिलिकॉनचे एक मिलिलिटर जवळपास एक ग्रॅम भरते, परंतु तसा वास नसलेल्या, भुकटीची भरणी घातलेल्या न्यूट्रल सिलिकॉनचे एक मिलिलिटर दीड ग्रॅमच्या आसपास जाऊ शकते. अशा मालाची ३०० ग्रॅमची पुडी म्हणजे प्रत्यक्षात दोनशेच्या थोडे वर मिलिलिटर. सांधा आकारमानाने भरतो, वजनाने नाही, म्हणून हिशोब नेहमी मिलिलिटरमध्येच करावा आणि ग्रॅमची पुडी घ्यायचीच असेल, तर तिच्या माहितीपत्रकातली घनता पाहून भागाकार करावा.

दुसरी गोष्ट प्रकाराची. बाथरूमच्या चिनी मातीला, काचेला आणि चकचकीत टाइलला बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन चालते. खिडकीची चौकट जिथे सिमेंटच्या गिलाव्याला किंवा ग्रॅनाइट-संगमरवराच्या पट्टीला टेकते, तिथे मात्र न्यूट्रल सिलिकॉनच घ्यावे, कारण आंबट वासाचे सिलिकॉन वाळताना जे ॲसिड सोडते ते सिमेंटशी झगडते, दगडावर डाग पाडते आणि काही धातूंना गंजवते. दगडासाठी घेताना न्यूट्रल नळीवरही डाग न पडण्याची हमी छापलेली आहे का, ते पाहून घ्यावे. हिशोबाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की बाथरूमचे मिलिलिटर आणि खिडक्यांचे मिलिलिटर कधीही एकत्र मिळवायचे नाहीत. पांढरे आणि पारदर्शक यांचेही तेच. प्रत्येक प्रकाराची बेरीज वेगळी करून ती वेगळीच वर पूर्णांकात न्यायची.

बाथरूम: सात बाय पाच फुटांचे उदाहरण

आपल्याकडच्या फ्लॅटमधले नेहमीचे बाथरूम घेऊ. ते सात बाय पाच फूट आहे, म्हणजे २.१ बाय १.५ मीटर. चारही बाजूंची बेरीज ७.२ मीटर होते आणि दाराचे ०.७ मीटर वजा केले की भिंत-फरशीचा कोपरा ६.५ मीटर उरतो. या कोपऱ्यात भिंतीवर ८ मिमी आणि फरशीवर ८ मिमी अशी पट्टी घ्यायची आहे. आठ गुणिले आठ चौसष्ट, त्याचे निम्मे बत्तीस, म्हणून दर मीटरला ३२ मिलि आणि एकूण २०८ मिलि.

बेसिनखालच्या ग्रॅनाइटच्या दोन कडा भिंतीला लागून आहेत, एक ०.९ मीटरची आणि दुसरी ०.५५ मीटरची. इथे दगडही आहे, म्हणून या बाथरूमला सॅनिटरी सिलिकॉनही न्यूट्रल प्रकारचेच धरले आहे. दोन्ही मिळून १.४५ मीटर, त्याच ८ मिमीच्या पट्टीने ४६.४ मिलि. जमिनीवर बसवलेल्या कमोडच्या बुडाभोवती पट्टी लहान चालते, ६ बाय ६ ची, म्हणजे दर मीटरला १८ मिलि. १.१ मीटरला १९.८ मिलि झाले. कमोडच्या मागच्या बाजूला वीतभर जागा मी जाणूनबुजून उघडी ठेवतो, कारण आतले सील गळू लागले तर पाणी तिथून बाहेर दिसते. चहूबाजूंनी बंद केले तर ते गुपचूप फरशीखाली जाते आणि पहिली बातमी खालच्या मजल्यावरून येते.

एकूण बेरीज २७४.२ मिलि. इथे हात थांबवून पाहण्यासारखे आहे, कारण नळी २८० मिलिची आहे आणि मनात लगेच येते की एकच पुरेल. पण नळीतले सगळे सिलिकॉन सांध्यात जात नाही. थोडे नोझलमध्ये राहते, थोडे मागच्या दट्ट्यापाशी अडकते, थोडे बोटाने पट्टी सारखी करताना निघून कागदावर पुसले जाते, आणि गनचा खटका दाबून दाब सोडायला विसरलो तर तेवढ्या वेळात बोटभर लांबीचे गांडूळ खाली पडलेले असते. सरावलेल्या माणसाला या नुकसानीपोटी दहा टक्के पुरतात, नवख्याने पंधरा धरावेत. २७४.२ ला १.१५ ने गुणले की ३१५ मिलि येतात, म्हणून दोन नळ्या. दुसरी नळी पहिली पूर्ण संपेपर्यंत कापू नये. न कापलेली नळी पुढच्या कामाला उरते, मात्र तिच्यावरची मुदत पाहून ठेवावी. कापलेल्या नळीचे तोंड कितीही चिकटपट्टीने बांधले तरी काही आठवड्यांत आत गोळा बनतो, त्यामुळे अर्धी नळी पुढच्या महिन्याच्या हिशोबात कधीही धरू नये. त्या दिवशी उरलेच, तर स्वयंपाकघरातल्या ओट्याची मागची कड त्याच दुपारी उरकून घ्यावी.

८ मिमीची पट्टी खरोखर ८ मिमीचीच बसावी, यासाठी मास्किंग टेप लावायचा. कोपऱ्यापासून भिंतीवर ८ मिमी आणि फरशीवर ८ मिमी सोडून दोन पट्ट्या चिकटवल्या की तुमचा कागदावरचा आकडा आणि जागेवरचे काम एकच होते. टेप नसेल तर हात आपोआप जाड पट्टी सोडतो. आठाऐवजी अकराची पट्टी झाली, तर दर मीटरला बत्तीसऐवजी साठ मिलि जातात, म्हणजे जवळपास दुप्पट, कारण दोन्ही बाजू एकदम वाढतात. उलट टोकाला, माल वाचवण्यासाठी तीन-चार मिमीची पट्टी ओढली, तर तिची टाइलवरची पकड इतकी अरुंद राहते की खराट्याने बाथरूम घासताना तिची कड उचलली जाते. पट्टी बोटाने सारखी केल्या केल्या, वर साय धरण्याआधी, टेप ओल्यातच ओढून काढावा. उशीर झाला तर टेपबरोबर कडही उचलली जाते.

जागा आधी पूर्ण कोरडी असायला हवी आणि जुने सिलिकॉन ब्लेडने संपूर्ण खरवडून काढायला हवे, कारण नवे सिलिकॉन वाळलेल्या जुन्या सिलिकॉनला नीट चिकटत नाही. घरात एकच बाथरूम असेल, तर कामाच्या आधीची रात्र आणि नंतरचे दोन दिवस आंघोळीची सोय शेजारी लावावी लागते. हा या कामातला खरा अवघड भाग आहे.

खिडकी: खोली मोजायची आणि मग ठरवायची

माझा पहिला अनुभव सांगतो. पश्चिमेकडच्या खिडकीतून पावसाळ्यात पाणी झिरपत होते, म्हणून चौकट आणि भिंत यांच्यामधली बाहेरची फट मी स्वतः भरायला घेतली. दुकानात "एका खिडकीला दोन पुरतात" असे सांगितले गेले होते, मी खबरदारी म्हणून चार आणल्या. फट एक सेंटिमीटर रुंद होती, पण आत अडीच सेंटिमीटर पोकळ होती, हे मी पाहिलेच नव्हते. चारही नळ्या संपल्या तेव्हा तीन बाजू झाल्या होत्या आणि चौथी कोरडीच होती. आठवड्याने बोट दाबून पाहिले, तर वरची कातडी कडक आणि आत लोण्यासारखा लगदा. पुढच्या पावसाळ्यात ती जाडजूड पट्टी भिंतीच्या बाजूने सरळ सुटून आली.

खोल फट सगळी सिलिकॉनने का भरायची नाही, याची तीनही कारणे या एका फजितीत आहेत. पहिले, माल वाया गेला: १० × २५ म्हणजे दर मीटरला २५० मिलि. दुसरे, सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत वाळते, साधारण दिवसाला दोन ते तीन मिमी, आणि जसजसे आत जावे तसतसा वेग मंदावतो, त्यामुळे अडीच सेंटिमीटर जाड थर कित्येक आठवडे आत ओला राहतो. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, जाड थर ताणला जात नाही. दीड मीटरची ॲल्युमिनियमची चौकट पहाटे २५ अंशांना आणि दुपारच्या उन्हात ५५ अंशांना असेल, तर ती सुमारे १ मिमीने लांबते आणि आखडते. सांध्यातल्या सिलिकॉनला रोज तेवढे ताणावे आणि दबावे लागते. पातळ, मधे कंबर असलेली पट्टी रबरबँडसारखी ताणली जाते. जाड ठोकळा स्वतः ताणला न जाता सगळा जोर दोन्ही कडांवर टाकतो आणि जी कड कच्ची, बहुधा गिलाव्याची, ती सुटते. फटीच्या तळालाही सिलिकॉन चिकटलेले असेल तर आणखीच वाईट, कारण मग पट्टी तीन बाजूंनी जखडलेली असते आणि मधूनच फाटते.

म्हणून खिडकीच्या सांध्यात खोली रुंदीच्या साधारण निम्मी ठेवायची, मात्र ६ मिमीपेक्षा कमी नाही आणि साधारण १२ मिमीपेक्षा जास्त नाही. रुंदीही किमान ६ मिमी हवी. १० मिमी रुंद सांध्याला ६ मिमी खोली योग्य. उरलेली पोकळी भरायला सिलिकॉन नव्हे, तर बॅकर रॉड वापरायचा. ही बंद छिद्रांच्या पॉलिथिन फोमची गोल दोरी असते, मीटरवर मिळते आणि सिलिकॉनच्या मानाने अगदी स्वस्त असते. तिचा व्यास फटीपेक्षा पावपट जास्त घ्यायचा, म्हणजे १० मिमीच्या फटीला १२ किंवा १३ मिमीची दोरी, जेणेकरून ती दाबून बसते आणि घसरत नाही. सिलिकॉन तिला घट्ट चिकटत नाही, त्यामुळे पट्टी फक्त दोन बाजूंना धरून राहते, आणि आपल्याला नेमके तेच हवे असते.

आता मापे. फटीची रुंदी एका जागी मोजून चालत नाही, कारण गिलावा कधीच सरळ नसतो. एका खिडकीवर पाच ठिकाणी मोजा. माझ्या एका खिडकीवर ८, ११, ९, १४ आणि ८ मिमी आले, बेरीज ५०, सरासरी १०. खोली पाहायला उदबत्तीची काडी उत्तम: ती अडेपर्यंत आत सरकवायची, भिंतीच्या पातळीवर नखाने खूण धरायची आणि बाहेर काढून पट्टीवर मोजायची. काडी दहा मिमीच्या आतच अडली तर रॉड बसायला जागा नाही, मग तळाला पॉलिथिनची पातळ पट्टी चिकटवून वर सिलिकॉन भरायचे. काडी वीस-पंचवीस मिमी आत गेली तर रॉड हवाच. जिथे फट १४ मिमी आहे तिथे बारीक रॉड आत पडेल, म्हणून तेवढ्या तुकड्यापुरता १८ च्या जवळपासचा जाड रॉड घ्यावा.

एकाच मापाच्या चार खिडक्या धरू, प्रत्येकी पाच बाय चार फूट, म्हणजे १.५ बाय १.२ मीटर. एकीचा घेर ५.४ मीटर, चारींचा २१.६ मीटर. रुंदी १०, खोली ६, म्हणून दर मीटरला ६० मिलि आणि एकूण १२९६ मिलि. पंधरा टक्के धरून १४९० मिलि. २८० ने भागले की ५.३ येतात, म्हणून सहा नळ्या. सॉसेजची गन मिळत असेल तर ६०० मिलिचे तीन नग पुरतात. रॉड न घालता २० मिमी खोल भरले असते, तर ४३२० मिलि, नुकसान धरून ४९६८ मिलि, म्हणजे अठरा नळ्या लागल्या असत्या, आणि इतका माल खर्चूनही सांधा सुटलाच असता. रॉड २१.६ मीटर आणि कोपऱ्यांसाठी थोडा जास्त, असा २३ मीटर आणावा.

भरण्याआधी खालच्या ट्रॅकच्या बाहेरच्या तोंडाला असलेली बारीक भोके शोधून ठेवावीत. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमध्ये साचलेले पावसाचे पाणी त्यांतूनच बाहेर पडते. ती उत्साहाच्या भरात सिलिकॉनने बुजवली, तर ट्रॅक भरून पाणी घरात उतरते आणि माणूस म्हणतो की सिलिकॉन गळते आहे. भिंतीच्या बाजूचा रंग पोपडे धरत असेल तर तोही तारेच्या ब्रशने काढावा, नाहीतर सिलिकॉन रंगाला चिकटते आणि रंग भिंतीला चिकटलेला नसतो. वरच्या मजल्यावर बाहेरून काम करायचे असेल, तर हिशोब आपण करावा आणि दोरावर लटकायचे काम त्याचे साहित्य व सराव असलेल्या माणसाकडे द्यावे.

पहिली नळी संपली की थांबा

कागदावरचा हिशोब बरोबर उतरतो आहे की नाही, हे पहिल्या नळीतच कळते. १० बाय ६ च्या सांध्यात २८० मिलिची नळी कागदावर ४.७ मीटर जाते, नुकसान धरता चार मीटरच्या आसपास. पहिली नळी संपल्यावर फीत लावून किती मीटर झाले ते मोजा. चार मीटर झाले असतील तर पुढे चला. तीनच झाले असतील तर बहुधा रॉड आत सरकला आहे आणि खोली आठ मिमीच्या आसपास गेली आहे, म्हणून पुढच्या तुकड्यात रॉड पुन्हा वर ओढून बसवा. साडेपाच मीटर झाले असतील तर आनंद मानू नये, कारण माल वाचलेला नसून पट्टी पातळ पडली आहे किंवा ती नुसती वरच्यावर बसून कडांना भिडलेलीच नाही. रॉड एकसारख्या खोलीवर बसवण्यासाठी लाकडाच्या चपट्या पट्टीच्या टोकाला ६ मिमीची खाच पाडावी. खाचेचा खांदा भिंतीला टेकला की रॉड बरोबर ६ मिमी आत गेलेला असतो.

बाहेरच्या खिडक्यांचे काम पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, सकाळी उरकावे. दुपारी पश्चिमेची चौकट इतकी तापते, की पट्टी बोटाने सारखी करण्याआधीच तिच्यावर साय धरते, आणि सुरकुतलेली ती साय पुन्हा दाबून बसवता येत नाही. ६ मिमीची पट्टी आतपर्यंत वाळायला तीन-चार दिवस लागतात. त्याआधी वळवाचा पाऊस आला तर साय धरलेल्या पट्टीचे काही बिघडत नाही, कारण तिला ओलावाच हवा असतो. मात्र खिडकी जोरात सरकवून चौकट हलवू नये.